परकी नावे आणि शीर्षबिंदू

ज्ञानकोशकार केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे खंड १९२० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी पानावर अनुस्वारांची दाटी असे. 'नांव', 'केलें', 'कांहीं' यांवरचे कित्येक बिंदू लिहायचे असत, प्रमाण उच्चारात ते ऐकू येत नसत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांनी हे अनुच्चारित बिंदू हद्दपार केले. (१९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली.) तेव्हापासून बिंदू दिसला की वाचकाने काही अनुनासिक उच्चारावे, अशी अपेक्षा रूढ झाली. मराठी शब्दांपुरते हे सोयीचे झाले. परक्या विशेषनामावर तोच बिंदू आला, की नेमके काय उच्चारायचे, हा प्रश्न मात्र उरलाच.

अनेक अनुवादकांच्या लेखनाचा एक बहुखंडी संग्रह संपादित करताना हा प्रश्न आमच्यासमोर आला तो अनातोल फ्रान्स यांच्या निमित्ताने. १९२१ चे नोबेल मिळालेला हा कादंबरीकार एका खंडात 'फ्रान्स' होता, दुसऱ्यात 'फ्रांस'. फ्रेंचमध्ये या नावात स्वतंत्र 'न्' नाही, स्वरच नाकातून निघतो. म्हणजे बिंदूची बाजू वरवर बळकट. पण मराठीत 'स'पूर्वीचा अनुस्वार 'संसार' शब्दात कसा ऐकू येतो ते पाहावे: तिथे 'व'सारखा ओठांकडे झुकणारा ध्वनी येतो. 'फ्रांस' मराठी सवयीने वाचले तर फ्रेंचही राहत नाही आणि इंग्रजीही होत नाही. शिवाय देशाचे नाव 'फ्रान्स' असे रुळलेले, आणि लेखकाने घेतलेले नाव तेच. आम्ही 'न्' ठेवला.

या निर्णयातून पुढची बरीच नावे सुटली. य, र, ल, व, श, स, ह यांच्यापूर्वी केवळ शीर्षबिंदू द्यावा, हा नियम अनुस्वारांसाठी आहे. 'जॉन्सन' किंवा 'हेन्री' यांतला 'न्' हा अनुस्वार नव्हेच. आमच्या एका मुद्रितशोधकाने नियमाला जागून 'जॉन्सन'चे 'जॉंसन' केले होते. चूक नियमाची नव्हती, तो लावण्याच्या जागेची होती. उलट 'दान्ते'चे 'दांते' आम्ही बिनदिक्कत केले, कारण 'त'पूर्वीचा बिंदू मराठी वाचक आपोआप 'न्' असाच वाचतो, आणि परसवर्णाचा विकल्प तत्सम शब्दांपुरताच आहे.

खरी पंचाईत फ्रेंच अनुनासिक स्वरांची. 'रोदँ' या शिल्पकाराच्या नावात बिंदूनंतर व्यंजन नाही, म्हणून स्वर नाकातून निघण्याची शक्यता तरी राहते. 'रँबो' या कवीच्या नावात मात्र पुढे 'ब' आहे; तिथे मराठी जीभ 'रॅम्बो' म्हणणारच, कोणतीही खूण तिला अडवीत नाही. शिवाय ही खूणच दुहेरी आहे. हिंदीत ती चंद्रबिंदू, म्हणजे आधीच्याच स्वराचे अनुनासिक रूप. मराठीत 'बँक'मध्ये आपण तीच आकृती 'ॅ' अधिक अनुस्वार अशी वाचतो. योगायोगाने 'रोदँ'ला मराठी वाचनच अधिक जवळचे आहे. संगणकावर हा दुहेरीपणा अदृश्य होतो: U+0901 हे एक चिन्ह, आणि U+0945 नंतर U+0902 ही दोन चिन्हे, पुष्कळ टंकांत सारखीच दिसतात, पण एकाने शोधले तर दुसरे सापडतेच असे नाही. आमच्या सूचीत 'रँबो' सलग दोनदा छापला गेला, आणि दोन्ही नोंदी डोळ्यांना एकच वाटत होत्या.

ऱ्हस्वदीर्घाची गोष्ट वेगळी. एका अनुवादकाने 'पुश्कीन' आणि 'पुश्किनाने' अशी रूपे सातत्याने लिहिली होती, अगदी 'गरीब', 'गरिबाने' या धर्तीवर. त्यांना विसंगत म्हणता येणार नाही. मराठी अकारान्त शब्दात उपान्त्य इकार दीर्घ आणि सामान्यरूपात ऱ्हस्व, हे त्यांचे तर्कशास्त्र चोख होते. पण रशियनमध्ये दीर्घत्वाने शब्दाचा अर्थ बदलत नाही; आघात पडलेला स्वर थोडा लांबतो, एवढेच. आणि इथे आघात पहिल्या अक्षरावर आहे, 'कि'वर नाही. म्हणून आम्ही 'पुश्किन' स्वीकारले, आणि सामान्यरूप न करता 'पुश्किनने', 'पुश्किनचा' असे प्रत्यय थेट लावले. जुन्या गद्यातले 'नेपोलियनाने' आम्हांला ऐकायला अधिक गोड वाटते, हे कबूल. पण नावाची एकच आकृती राहिली नाही, तर सूची करणाऱ्याने शोधायचे काय?

पुढे प्रत्येक नावासाठी एक चिठ्ठी केली. तिच्यावर मूळ लिपीतले नाव, कोणत्या भाषेचा उच्चार धरला ते, देवनागरी रूप आणि एक प्रत्ययान्त रूप. जुन्या मराठी पुस्तकांच्या शीर्षकांत आलेली रूपे तशीच ठेवली, त्यांना हात लावणे म्हणजे ग्रंथनाम बदलणे. पहिल्या खंडातले 'फ्रांस' छापून गेले होते. तिसऱ्या खंडाच्या सूचीत त्याच्यापुढे 'पाहा : फ्रान्स' एवढेच लिहिता आले.