मॅनहोल व सेप्टिक टाकीतील विषारी वायू

भुयारी गटारांची मॅनहोल आणि सेप्टिक टाक्या यांत मैल्याच्या ऑक्सिजनविरहित विघटनातून जे वायू निर्माण होऊन साचतात, त्यांना एकत्रितपणे 'गटारवायू' म्हणतात. हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे त्यांतील प्रमुख घटक होत. सफाईसाठी आत उतरलेल्या कामगारांचे मृत्यू बहुधा हायड्रोजन सल्फाइडच्या विषबाधेमुळे किंवा ऑक्सिजनच्या अभावामुळे होतात.

## वायूंचे स्वरूप

मैल्यातील सल्फेट व प्रथिने यांवर जिवाणूंची क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा किंचित जड असल्याने बंदिस्त जागेत तळाशी साचू शकतो. शरीरातील पेशींची ऑक्सिजन वापरण्याची क्रिया तो रोखतो. मिथेन हवेपेक्षा हलका असून हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असल्यास ठिणगीने स्फोट होतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांहून कमी झाल्यास ती जागा प्रवेशास असुरक्षित मानतात.

## वासाची फसगत

हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्यासारखा वास असतो व तो दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी प्रमाणात जाणवतो. मात्र हे प्रमाण दहा लाखांत सुमारे १०० भागांपर्यंत पोहोचल्यावर घ्राणशक्ती बधिर होते आणि वास येईनासा होतो. कामगाराला वायू निघून गेला असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात तो वाढलेला असू शकतो. ५०० ते ७०० भागांच्या पातळीवर मनुष्य काही मिनिटांत कोसळतो, तर १,००० भागांच्या आसपास एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते.

पेटता कंदील किंवा मेणबत्ती आत सोडून हवा तपासण्याची जुनी रीतही घातक आहे. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे एवढेच कळते. ती जळत राहिली तरी प्राणघातक प्रमाणातील हायड्रोजन सल्फाइड आत असू शकतो आणि मिथेन असल्यास ज्योतीनेच स्फोट होऊ शकतो.

## गाळ ढवळण्याचा धोका

वायूचा काही भाग गाळात व पाण्यात विरघळलेला किंवा अडकलेला असतो. बंद सोड्याची बाटली हलवून उघडावी, त्याप्रमाणे गाळ ढवळताच तो एकदम बाहेर पडतो. उदाहरणार्थ, तीन मीटर खोल टाकीचे झाकण काढल्यावर वरच्या थरात ऑक्सिजन २०.५ टक्के व हायड्रोजन सल्फाइड २ भाग आढळले, तर टाकी सुरक्षित भासते. कामगार उतरून फावड्याने तळचा गाळ सारतो आणि काही क्षणांत हेच प्रमाण शेकडो भागांवर जाऊ शकते. म्हणून प्रवेशापूर्वीचे एकच मापन पुरेसे नसते.

## सुरक्षित प्रवेशपद्धती

सक्शन यंत्र, जेटिंग यंत्र किंवा यंत्रमानव यांद्वारे बाहेरूनच सफाई करणे ही पहिली पसंती असते. प्रवेश अटळ असल्यास पुढील क्रम पाळतात.

१. मॅनहोलच्या बाबतीत त्याच वाहिनीवरील मागचे व पुढचे मॅनहोलही उघडतात. जवळपास विडी, ज्योत किंवा ठिणगी पाडणारे साधन येऊ देत नाहीत.

२. वायुमापक यंत्राची नळी आत सोडून वर, मध्ये व तळाशी मापन करतात. लांब नळीतून हवा यंत्रापर्यंत येण्यास वेळ लागत असल्याने प्रत्येक पातळीवर थांबावे लागते. प्रथम ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू व त्यानंतर विषारी वायू असा क्रम असतो.

३. ब्लोअरची नळी तळाजवळ नेऊन ताजी हवा सोडतात व पुन्हा मापन करतात. ब्लोअर काम संपेपर्यंत चालू राहतो. सिलिंडरमधील शुद्ध ऑक्सिजन आत सोडत नाहीत, कारण त्यामुळे आगीचा धोका वाढतो.

४. कामगार छाती व मांड्यांभोवतीचा सुरक्षापट्टा बांधून उतरतो. पट्ट्याचा दोर वरील तिपाईच्या विंचला जोडलेला असतो. अंगावरील वायुमापक सतत चालू राहतो व त्याचा इशारा होताच कामगार बाहेर येतो.

५. वर किमान एक पहारेकरी कायम थांबतो व कामगाराशी बोलत राहतो. त्याने स्वतः आत उतरायचे नसते.

कापडी मुखपट्टी या वायूंना अडवत नाही. गाळणीचा मुखवटा हवा गाळतो, पण ऑक्सिजन पुरवत नाही. त्यामुळे वायूची शंका असल्यास बाहेरून हवा पुरवणारे किंवा पाठीवरील सिलिंडरचे श्वसनयंत्रच आवश्यक असते.

## बचावकार्यातील मृत्यू

पहिला कामगार कोसळल्यावर त्याला काढण्यासाठी साधनांविना उतरलेले सहकारी वा नातेवाईकही त्याच हवेत बेशुद्ध होतात. एकाच टाकीत अनेकांचे मृत्यू होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी बाहेरूनच विंचने ओढून काढणे, ब्लोअर चालू ठेवणे व अग्निशमन दलास पाचारण करणे हाच मार्ग उरतो. पट्टा व दोर आधीच बांधलेले असतील तरच बाहेरून ओढून काढणे शक्य होते.

## कायदेशीर तरतुदी

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ७ नुसार गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही कामास लावता येत नाही. संरक्षक साधने न पुरवता व सुरक्षेची दक्षता न घेता करवून घेतलेली हाताची सफाई ही 'धोकादायक सफाई' ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली व २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये केली.