अ‍ॅडजस्टमेंट लेयर आणि प्रीसेट

चित्रफितींच्या मालिकेला एकच रंगछटा देण्याची आणि ती पुढे एकदम बदलता यावी अशी व्यवस्था ठेवण्याची संपादनातील साधने. अ‍ॅडजस्टमेंट लेयर हा टाइमलाइनवरील असा पारदर्शक थर असतो की ज्याला स्वतःचे चित्र नसते, पण त्यावर लावलेला परिणाम, थर जितका लांब असेल तितक्या अवधीत, खालच्या सर्व दृश्यांवर पडतो. प्रीसेट म्हणजे अशा परिणामाची जपून ठेवलेली मूल्ये. छायाचित्रांसाठी हा थर फोटोशॉप ४.० मध्ये (१९९६) आला. प्रीमिअर प्रो सीएस६ (२०१२) आणि दाविंची रिझॉल्व्ह १६ (२०१९) यांत तो चित्रफितींसाठी उपलब्ध झाला. फायनल कटमध्ये बराच काळ रिकाम्या टायटलवर परिणाम लावून हे काम भागवले जाई.

महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर पसरलेल्या नवापूर रेल्वे स्थानकावर पाच भागांची माहितीपट-मालिका करायची आहे, असे समजू. फलाटावरचे दुपारचे ऊन पिवळट आणि छपराखालची सावली निळसर दिसते. त्यामुळे प्रत्येक दृश्याचा उजेड व पांढऱ्याचा तोल आधी त्या दृश्यावरच दुरुस्त करावा लागतो आणि मालिकेची उबदार छटा नंतर वरच्या थरावर द्यावी लागते. हा क्रम चुकला की सावलीतले चेहरे उबदार छटेखालीही निळेच राहतात. वर्णमापकावर, म्हणजे वेक्टरस्कोपवर, ते त्वचेच्या रेषेपासून दूर सरकलेले दिसतात. ही रेषा गोऱ्या व सावळ्या त्वचेला जवळपास सारखीच लागू पडते, हे नवख्यांना सहसा खरे वाटत नाही. पाट्या व नावे थराच्या वरच्या ट्रॅकवर ठेवली नाहीत, तर पांढरी अक्षरेही पिवळी होतात.

भाग एकत्र बदलण्याबाबत गैरसमज बराच आहे. प्रीसेट ही नक्कल असते. तो नंतर सुधारला तरी पूर्वी लावलेल्या ठिकाणी काहीच बदलत नाही. प्रीमिअरमध्ये एकच थर पाच सीक्वेन्समध्ये ओढला, तरी परिणाम टाइमलाइनवरच्या त्या त्या तुकड्याला चिकटलेला असल्यामुळे पाच स्वतंत्र थर तयार होतात. यावर साधा उपाय असा, की पाचही भाग एकाच सीक्वेन्समध्ये एका लांब थराखाली मांडावेत आणि आरंभ व शेवटाच्या खुणा घालून वेगवेगळे निर्यात करावेत. रिझॉल्व्हमधील सामायिक नोड (शेअर्ड नोड) अधिक सोयीचा आहे, कारण रंगदुरुस्तीची ती एक पायरी अनेक दृश्यांत खरोखर सामायिक असते; कुलूप काढून ती एका ठिकाणी बदलली की त्या प्रकल्पात ती वापरलेली सर्व दृश्ये बदलतात. दुसऱ्या प्रकल्पापर्यंत मात्र तिची पोच नाही.

निर्यात झालेल्या फितींवर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. त्या पुन्हा निर्यात कराव्या लागतात. यूट्यूबवर चढवलेल्या फितीच्या जागी, तोच दुवा राखून, नवी फीत ठेवता येत नसल्याने छटेचा निर्णय पहिला भाग प्रसिद्ध होण्यापूर्वीच पक्का करावा लागतो.