सार्वजनिक न्यासांचे निर्दिष्ट निधी आणि लेखापरीक्षण : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. नीरा डाव्या कालव्याने त्यांच्या काही भागाला ऊस दिला, उरलेल्या भागाला दुष्काळ सुटला नाही. कृषी विकास प्रतिष्ठान (1971) आणि विद्या प्रतिष्ठान (1972) या बारामतीच्या संस्था दुष्काळाच्याच वर्षांत उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या दशकांत या परिसरात शिक्षण व ग्रामविकासाच्या न्यासांचे जाळे विणले गेले. बागायतदार, बाजारपेठेतील व्यापारी, ऊसबिलातील कपात अशा निरनिराळ्या वाटांनी न्यासांकडे पैसा येतो. तो कोणत्या अटीवर आला, हे शोधणे हा लेखापरीक्षणाचा गाभा आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळात धर्मादाय संस्थांच्या हिशेबांवरील देखरेख तुटपुंजी होती. 1920 च्या कायद्याने हितसंबंधी व्यक्तीस न्यायालयामार्फत हिशेब मागण्याची सोय दिली, पण त्यासाठी कोणीतरी पुढे येणे आवश्यक होते. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 ने ही वाट बदलली. नोंदणी, हिशेब व वार्षिक तपासणी ही विश्वस्तांची कर्तव्ये ठरली. 2012 पासून हा अधिनियम महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम 34 प्रमाणे लेखापरीक्षकाने केवळ बेरजा जुळवून थांबावयाचे नाही. न्यासाचा निधी न्यासाच्या उद्दिष्टांखेरीज अन्य कामी वापरला गेला काय, याचेही उत्तर 1951 च्या नियमांनुसार अहवालात द्यावे लागते. त्यामुळे तपासणीची सुरुवात रोकडवहीपासून न होता न्यासपत्रापासून व्हावयास हवी.

एक कल्पित उदाहरण पाहू. इंदापूर तालुक्यातील एका न्यासाच्या न्यासपत्रात ‘शिक्षणप्रसार’ हे एकमेव उद्दिष्ट आहे. वर्षारंभी एका देणगीदाराने 5,00,000 रुपये दिले. मुद्दल कायम ठेवून केवळ व्याजातून मुलींना शिष्यवृत्ती द्यावी, असे त्याचे पत्र आहे. दुसऱ्याने ग्रंथालयाच्या खोलीसाठी 3,00,000 रुपये दिले. सर्वसाधारण देणग्या 2,00,000 रुपयांच्या झाल्या. मुद्दल मुदतठेवीत ठेवले व त्यावर 40,000 रुपये व्याज आले. शिष्यवृत्त्यांवर 25,000, ग्रंथालयावर 1,20,000 आणि इतर कामांवर 2,85,000 रुपये खर्च झाले. वर्षअखेर बँकेत 1,10,000 रुपये उरले.

मुद्दल वगळता सर्व जमा एकत्र धरली, तर 5,40,000 रुपयांतून 4,30,000 रुपये खर्च होऊन 1,10,000 रुपयांची शिल्लक दिसते. बँकेचा आकडाही तोच असल्याने विश्वस्त निश्चिंत होतात. परंतु ग्रंथालयाचे 1,80,000 आणि शिष्यवृत्तीचे 15,000 असे 1,95,000 रुपये अटीसह अखर्चित आहेत. म्हणजे बँकेत जेवढे हवेत त्याहून 85,000 रुपये कमी आहेत. सर्वसाधारण जमेपेक्षा इतर खर्च नेमका तेवढाच अधिक झाला आहे. ग्रंथालयाच्या पैशातून पगार भागविले गेले, हा त्याचा सरळ अर्थ. ही चोरी नव्हे, पण शिल्लकही नव्हे. विहित नमुन्यातील ताळेबंदात कायम निधी व अन्य निर्दिष्ट निधी वेगवेगळे मांडावयाचे असतात, ते याच कारणासाठी. निधीचा आकडा डाव्या बाजूला मांडला की त्याच्यासमोर उजवीकडे ठेव वा रोकड आहे काय, हे पाहता येते.

आता ‘इतर’ खर्चाकडे वळू. त्या 2,85,000 रुपयांपैकी 60,000 रुपये दुष्काळात जनावरांच्या चारा-छावणीवर गेले असे समजू. पावत्या खऱ्या, ठरावही एकमताचा. तरीही शिक्षणाच्या न्यासपत्रात चारा बसत नाही आणि लेखापरीक्षकास तसे नमूद करणे भाग आहे. विश्वस्तांना हे कठोर वाटते, कारण गावाची गरज डोळ्यांसमोर असते. मात्र विश्वस्तमंडळाच्या ठरावाने उद्दिष्ट बदलत नाही. त्यासाठी कलम 50 अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून योजना करून घ्यावी लागते. शासनाच्या अधिकारालाही येथे मर्यादा आहेत. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये, मूळ धार्मिक हेतू पार पाडणे शक्य असताना तो निधी अन्यत्र वळविण्यास मुभा देणारा कलम 55 मधील भाग अवैध ठरविला.

सर्वांत अवघड बाब ऊसबिलातील कपातीची. हजारो सभासदांकडून प्रतिटन थोडी थोडी रक्कम एकाच धनादेशाने येते आणि सोबत देणगीदाराचे पत्र नसते. अशा वेळी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचा ठराव हाच हेतूचा पुरावा मानावा लागतो. ठरावात ‘महाविद्यालयाच्या इमारतीसाठी’ असे शब्द असतील, तर ती रक्कम सर्वसाधारण जमेत घेता येत नाही. ठराव मोघम असेल, तर ती कायम निधीत दाखवून करसवलत मागण्यासही आधार राहत नाही. 1961 च्या आयकर अधिनियमात कायम निधीसाठी देणगीदाराचा विशिष्ट निर्देश आवश्यक मानला होता. सभासदाने ती कपात खरोखर स्वेच्छेने दिली काय, हे मात्र न्यासाच्या वह्यांतून कळत नाही. पावतीपुस्तकांची स्थळप्रत क्रमाने ताडून पाहता येते, पण जिची पावतीच फाडली गेली नाही अशी रोख देणगीही तपासणीच्या बाहेरच राहते.