सामंजस्य करार : परदेशी भागीदाराच्या हाती हात देण्यापूर्वी

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे बाजारपेठेचे गाव आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यापासून देऊळगाव राजापर्यंतचा पट्टा बियाणे उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. या भागातील एखाद्या कंपनीकडे परदेशी कंपनी संयुक्त उपक्रमाचा प्रस्ताव घेऊन येते तेव्हा पहिला कागद सामंजस्य कराराचा असतो. चार-पाच पानांचा हा दस्तऐवज बहुधा समारंभात स्वाक्षऱ्या करून, हार घालून पूर्ण केला जातो. पुढील दहा-पंधरा वर्षांतील बहुतेक वादांचे मूळ मात्र याच पानांत काय लिहिले आणि काय राहून गेले यात असते.

कागदाचे नाव आणि कागदाचे बळ

सामंजस्य करार कायद्याने बंधनकारक नसतो, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. न्यायालय दस्तऐवजाच्या मथळ्याकडे नव्हे, तर त्यातील मजकुराकडे आणि पक्षांच्या हेतूकडे पाहते. 'पुढे करार करू' एवढेच म्हटले असेल तर त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार निरर्थक ठरतो. उलट किंमत, मुदत, जबाबदारी असे सारे तपशील ठरले असतील, तर वर 'सामंजस्य' असे लिहून सुटका होत नाही.

म्हणून जाणकार वकील दस्तऐवजाचे सरळ दोन भाग पाडतात. भांडवलाचे प्रमाण, संचालक मंडळाची रचना, उत्पादनाचे लक्ष्य या बाबी केवळ हेतुदर्शक असल्याचे नमूद केले जाते. गोपनीयता, ठरावीक मुदतीत अन्य कोणाशी बोलणी न करण्याची अट, वाटाघाटींच्या खर्चाची वाटणी, लागू होणारा कायदा आणि वाद सोडविण्याची पद्धत ही कलमे मात्र पहिल्या दिवसापासून बंधनकारक ठरविली जातात. त्यासोबत मुदतही हवी. सहा महिन्यांत अंतिम करार झाला नाही तर सामंजस्य संपुष्टात येईल, परंतु गोपनीयतेचे कलम त्यानंतरही ठरावीक वर्षे टिकेल, असे वाक्य नसल्यास स्थानिक कंपनी ना धड बांधलेली राहते ना मोकळी.

भूमिका : कोण काय आणणार?

जालन्याच्या महिको कंपनीचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने १९९८ मध्ये महिकोचे २६ टक्के समभाग घेतले आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक ही संयुक्त कंपनी उभी केली. बोंडअळीला प्रतिकार करणारे जनुक मोन्सँटोचे होते. ते भारतीय वाणांत उतरविणे, त्यांचे संकर तयार करणे आणि शेतातील चाचण्या घेणे हे काम महिकोचे होते. महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना केंद्र सरकारच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली.

संयुक्त कंपनीचे काम मात्र बियाणे विकणे हे नव्हते. जनुक वापरण्याचा परवाना इतर भारतीय बियाणे कंपन्यांना देणे आणि त्याबद्दल शुल्क घेणे, हा तिचा व्यवसाय होता. म्हणजे महिको एकीकडे परवाना देणाऱ्या कंपनीत निम्मी भागीदार होती आणि दुसरीकडे स्वतः बियाणे विकून अन्य परवानाधारकांशी स्पर्धाही करीत होती. भागीदार, पुरवठादार आणि स्पर्धक अशा भूमिका एकाच पक्षाकडे येऊ शकतात हे येथे दिसते. सामंजस्य करारातच संयुक्त कंपनीचे कार्यक्षेत्र, पीक, प्रदेश आणि कोणत्या बाबतीत भागीदार स्वतंत्र राहतील हे लिहिले पाहिजे.

जानेफळच्या काल्पनिक उदाहरणात हे असे दिसेल. परदेशी कंपनी मिरचीच्या संकरित वाणाचे नर आणि मादी वाण पाठविणार, स्थानिक कंपनी शेतकऱ्यांकडून शेडनेटमध्ये बीजोत्पादन करून घेणार. 'स्थानिक भागीदार उत्पादनाची जबाबदारी घेईल' एवढे वाक्य येथे अपुरे आहे. उगवणशक्ती आणि आनुवंशिक शुद्धता किती टक्के हवी, शुद्धतेची लागवड चाचणी कोठे होणार, माल नापास झाल्यास शेतकऱ्यांचे पैसे कोण देणार, हे ठरलेले असावे. कारण शेतकरी परदेशी कंपनीला ओळखत नाही. तो जानेफळच्या कार्यालयाच्या दारात उभा राहतो.

बौद्धिक संपदा : आधीचे, नंतरचे आणि सोबत आलेले

बौद्धिक संपदेचे कलम लिहिताना तीन खाती वेगळी ठेवावी लागतात. प्रत्येक भागीदाराने सोबत आणलेले ज्ञान त्याचेच राहते आणि संयुक्त कंपनीला त्याचा केवळ वापराचा परवाना मिळतो. उपक्रमाच्या काळात जे नवे निर्माण होईल, त्याची मालकी कोणाची हे दुसरे खाते. उपक्रम संपल्यावर उरलेले बियाणे, नोंदी आणि नमुने यांचे काय, हे तिसरे. वरील उदाहरणात हे तिसरे खाते सर्वांत धोक्याचे आहे. मादी वाणाची मूठभर बीजे शेतकऱ्याच्या घरी राहिली तर गुपित गेले. म्हणून पाठविलेल्या मूळ बियाण्याचे वजन, पेरणी आणि शिल्लक यांची नोंदवही ठेवणे व शिल्लक परत करणे किंवा साक्षीदारांसमक्ष नष्ट करणे ही अट हवी. नावाबाबतही हेच. बोधचिन्ह परदेशी कंपनीचे असेल तर उपक्रम मोडल्यावर स्थानिक कंपनीच्या हाती विक्रेते उरतात, पण ग्राहकाच्या ओळखीचे नाव उरत नाही.

पेटंट देशागणिक वेगळे असते, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. बीटी कापसाच्या पहिल्या पिढीतील जनुकाला भारतात पेटंट नव्हते. तरीही परवाना शुल्क कराराच्या आधारे आकारले जात होते. २००५च्या सुमारास ४५० ग्रॅमची पिशवी सुमारे १,६०० ते १,८५० रुपयांना मिळत होती आणि त्यातील सुमारे १,२५० रुपये तंत्रज्ञान शुल्काचे होते. आंध्र प्रदेश सरकार याविरुद्ध २००६ मध्ये एकाधिकार व निर्बंधित व्यापार प्रथा आयोगाकडे गेले आणि पुढे पिशवीची किंमत ७५० रुपयांपर्यंत खाली आली. थोडक्यात, शुल्काचा आकडा दोन भागीदारांनी मान्य केला तरी तो टिकेलच असे नाही. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. त्यानुसार मार्च २०१६ मध्ये दुसऱ्या पिढीच्या बियाण्याच्या पिशवीची किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यात तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये होते. सरकारने किंमत बदलल्यास भागीदारांचे शुल्क आपोआप बदलेल की करार नव्याने बोलावा लागेल, हे वाक्य शुल्काच्या कलमात असावेच लागते.

ते वाक्य पुसट राहिले की काय होते, याचे उत्तर याच क्षेत्रात मिळाले. महिको मोन्सँटो आणि परवानाधारक नुजिवीडू सीड्स यांच्यात २००४ चा करार होता. राज्यांनी ठरविलेलेच शुल्क द्यायचे की करारातील, यावर वाद पेटला आणि २०१५ मध्ये करार रद्द करण्यात आला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या पिढीच्या जनुकाचे पेटंटच अवैध असल्याचा निर्णय खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो रद्द करून वैधतेचा प्रश्न पुराव्यानिशी तपासण्यासाठी खटला एकल न्यायाधीशांकडे परत पाठविला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि २०२१ मध्ये पक्षांनी तडजोड केली. पेटंटचे आयुष्य सरले, मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.

स्थानिक भागीदाराने आणखी एक दक्षता घ्यावी. स्वतःकडील देशी वाण परदेशी कंपनीला संशोधनासाठी देताना जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. 'दोन्ही पक्ष जननद्रव्याची देवाणघेवाण करतील' या निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्यात ही परवानगी मिळण्याची अट घातलेली असावी.

वाद झाल्यास

परदेशी भागीदाराशी झालेल्या करारात लवादाची अट घालण्यामागे व्यावहारिक कारण आहे. परदेशी न्यायालयाचा निकाल भारतात थेट अमलात आणण्याची सोय केवळ केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांपुरती आहे आणि अमेरिका त्यात नाही. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क करारामुळे बहुसंख्य देशांत अमलात आणता येतो. कलम लिहिताना लवादाचे 'आसन' कोणते, हा शब्द महत्त्वाचा ठरतो. बैठक कोठे होईल ही सोयीची बाब आहे, पण निवाड्याला आव्हान कोणत्या देशाच्या न्यायालयात द्यायचे हे आसनावरून ठरते. आसन सिंगापूर किंवा लंडन असल्यास मेहकर वा बुलडाण्याच्या न्यायालयात निवाडा रद्द करून घेता येत नाही. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आसन परदेशात असले तरी, अन्यथा ठरलेले नसल्यास, भारतातील न्यायालयाकडून तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. हा दरवाजा करारात नकळत बंद होऊ देऊ नये.

बाहेर पडण्याच्या कलमाचा धडा टाटा आणि जपानच्या एनटीटी डोकोमो यांच्या वादाने दिला. डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे साडेसव्वीस टक्के भाग घेतला. बाहेर पडताना खरेदी किमतीच्या किमान निम्मी रक्कम मिळेल, अशी हमी करारात होती. डोकोमोने २०१४ मध्ये ती मागितली. हमीनुसार दर सुमारे ५८ रुपये प्रतिसमभाग होत होता, तर तेव्हाच्या मूल्यमापनानुसार समभागाची किंमत २३ रुपयांच्या आसपास होती. रिझर्व्ह बँकेने अधिक दराला परवानगी दिली नाही. लंडनच्या लवादाने जून २०१६ मध्ये डोकोमोला सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निवाडा केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो अमलात आणण्यास मान्यता दिली. परवानगी मिळाली नाही म्हणून दायित्व संपत नाही, ते नुकसानभरपाईच्या रूपाने परत येऊ शकते. टाटांना हा भार पेलला. जानेफळच्या छोट्या कंपनीला अशी एक हमी आपल्या जमिनी आणि गोदामासह बुडवू शकते. परदेशी भागीदाराने बाहेर पडण्याच्या किमतीचे आश्वासन मागितले तर त्यासमोर परकी चलन नियमांची चौकट आणि स्वतःच्या दायित्वाची कमाल मर्यादा आकड्यात लिहिल्याशिवाय स्वाक्षरी करू नये.

अशा दस्तऐवजाची परीक्षा सोपी आहे. उद्या सकाळी भागीदाराने फोन घेणे बंद केले, तर मूळ बियाणे कोणाच्या ताब्यात, नाव कोणाचे, शेतकऱ्यांचे देणे कोणावर आणि दाद कोठे मागायची, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावरूनच मिळाली पाहिजेत. एकाचेही उत्तर 'अंतिम करारात पाहू' असे येत असेल, तर त्या पानावरील स्वाक्षरी थांबविणे योग्य.