पेटंट असलेलं २.८० लाखांचं औषध ८,८८० रुपयांना कसं मिळालं? सक्तीचा परवाना म्हणजे नेमकं काय?

एखादं औषध परवडेनासं झालं की सोशल मीडियावर एक मागणी हमखास दिसते. 'सरकारने पेटंट रद्द करावं आणि भारतीय कंपन्यांना औषध बनवू द्यावं.' त्यावर उत्तर येतं की असं केलं तर आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होईल. खरं तर दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धवट आहे. पेटंट रद्द न करता दुसऱ्याला ते औषध बनवू देण्याची सोय करारातच आहे. तिला 'सक्तीचा परवाना' किंवा 'अनिवार्य परवाना' म्हणतात.

ही सोय भारतात कशी वापरली गेली, आणि त्यानंतर ती जवळपास का वापरली गेली नाही, हे कॅन्सरच्या एका औषधाच्या प्रकरणातून नीट समजतं. या प्रकरणाचा निर्णय मुंबईतल्या पेटंट कार्यालयात झाला होता.

ट्रिप्स करार काय सांगतो?

ट्रिप्स हा जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा करार आहे. तो १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार सदस्य देशांना औषधांसह सर्व क्षेत्रांतल्या शोधांना अर्ज केल्यापासून २० वर्षं पेटंटचं संरक्षण द्यावं लागतं.

त्याआधी भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधाला पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला मिळायचं. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवणं कायदेशीर होतं. भारताचा जेनेरिक औषध उद्योग याच आधारावर वाढला. ट्रिप्समुळे २००५ पासून भारताला औषधालाच पेटंट द्यावं लागलं.

पण कराराच्या कलम ३१ मध्ये एक सवलत आहे. पेटंटधारकाची संमती नसतानाही सरकार दुसऱ्याला उत्पादनाची परवानगी देऊ शकतं. त्यासाठी काही अटी आहेत. आधी पेटंटधारकाकडे रीतसर परवाना मागितलेला असावा, त्याला योग्य मोबदला मिळावा आणि उत्पादन मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी असावं.

यासाठी आणीबाणी असावी लागते का?

नाही. हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे.

आणीबाणी, तातडीची परिस्थिती किंवा सरकारी बिगर-व्यापारी वापर असेल, तर पेटंटधारकाशी आधी बोलणी करण्याची अट माफ होते. एवढाच आणीबाणीचा संबंध. १४ नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात सदस्य देशांनी हे स्पष्ट केलं की सक्तीचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा हे ठरवण्याचं स्वातंत्र्य प्रत्येक देशाला आहे.

भारताने ही कारणं पेटंट कायद्याच्या कलम ८४ मध्ये लिहिली आहेत. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर कोणीही अर्ज करू शकतो. लोकांची वाजवी गरज भागत नसेल, औषध परवडणाऱ्या दरात मिळत नसेल किंवा त्या शोधाचा भारतात वापरच होत नसेल, यांपैकी एक कारण सिद्ध झालं तरी पुरतं.

नेक्साव्हर प्रकरण काय होतं?

सोराफेनिब हे मूत्रपिंड आणि यकृताच्या वाढलेल्या कॅन्सरवरचं औषध. ते आजार मुळापासून बरा करत नाही, पण त्याची वाढ रोखून रुग्णाला जास्त काळ जगण्याची संधी देतं. म्हणजे ते महिनोन् महिने घ्यावं लागतं. बायर ही जर्मन कंपनी ते 'नेक्साव्हर' या नावाने विकत होती. तिला मार्च २००८ मध्ये भारतात पेटंट मिळालं.

महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. वर्षाचा हिशेब ३३ लाखांच्या वर जातो.

हैदराबादच्या नॅटको फार्माने डिसेंबर २०१० मध्ये बायरला पत्र लिहून स्वेच्छेने परवाना मागितला. बायरने नकार दिला. पेटंटला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, जुलै २०११ मध्ये, नॅटकोने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोच्या बाजूने निर्णय दिला. कलम ८४ खालचा हा देशातला पहिला परवाना होता.

बायरच्या विरोधात पुरावा कुठून आला?

मोठा भाग बायरच्याच कागदपत्रांतून आला. पेटंटचा भारतात कितपत वापर होतोय याचं विवरण पेटंटधारकाला 'फॉर्म २७' वर द्यावं लागतं. बायरच्या विवरणांतून किती औषध आयात झालं हे कळलं. ते गरजू रुग्णांच्या संख्येशी ताडून पाहिलं, तेव्हा औषध पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंतच पोहोचत असल्याचं दिसलं.

बायरचं म्हणणं होतं की सिप्लाही हे औषध सुमारे ३० हजार रुपयांना विकतेय, मग गरज भागत नाही असं कसं म्हणता? पण सिप्लाची विक्री थांबवण्यासाठी बायरनेच दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. जी विक्री तुम्ही बंद पाडू पाहता, ती स्वतःच्या खात्यात धरता येणार नाही, असं नियंत्रकांनी ठरवलं.

संशोधनाचा खर्च मोठा असतो, हाही बायरचा मुद्दा होता. त्यावर निर्णय असा झाला की 'परवडणारी किंमत' मुख्यतः घेणाऱ्याच्या बाजूने पाहायची.

मग पेटंट रद्द झालं का?

नाही. पेटंट बायरकडेच राहिलं आणि नेक्साव्हरची विक्रीही चालू राहिली. नॅटकोला पेटंटच्या उरलेल्या मुदतीसाठी परवाना मिळाला, पण अटींसह. १२० गोळ्यांची किंमत ८,८८० रुपयांपेक्षा जास्त ठेवायची नाही. उत्पादन स्वतःच करायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. विक्री फक्त भारतात करायची. दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यायचं. आणि बायरला निव्वळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यायची.

बायरने अपील केलं. मार्च २०१३ मध्ये अपील मंडळाने परवाना कायम ठेवला आणि रॉयल्टी ७ टक्के केली. पूर्ण ८,८८० रुपयांवर धरली तर ही रक्कम महिन्याच्या औषधामागे साधारण ६२२ रुपये होते. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही परवाना वैध ठरवला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका फेटाळली.

एका मुद्द्यावर मात्र नियंत्रकांचं मत टिकलं नाही. औषध भारतात बनत नाही, फक्त आयात होतं, म्हणजे पेटंटचा 'वापर' झालाच नाही, असं त्यांनी म्हटलं होतं. उच्च न्यायालयाने सांगितलं की आयात हाही वापर ठरू शकतो, पण इथे उत्पादन का शक्य नाही हे पेटंटधारकाने पटवून द्यायला हवं.

मग इतर महाग औषधांचं असं का झालं नाही?

नेक्साव्हरनंतर कलम ८४ खाली दुसरा परवाना दिला गेलेला नाही. प्रयत्न मात्र झाले.

मुंबईच्या बीडीआर फार्माने रक्ताच्या कॅन्सरवरच्या डॅसाटिनिबसाठी अर्ज केला. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या पेटंटधारक कंपनीने परवान्याच्या मागणीवर काही प्रश्न विचारले होते. बीडीआरने त्यांची उत्तरं न देता थेट अर्ज केला. बोलणी प्रामाणिकपणे झालीच नाहीत, असं म्हणत ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ज सुरुवातीलाच फेटाळण्यात आला. किमतीचा विचार करण्यापर्यंत प्रकरण पोहोचलंच नाही.

ली फार्माने मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी अर्ज केला. त्याच गटातली इतर औषधं बाजारात उपलब्ध होती आणि नेमकं हेच औषध किती रुग्णांना हवंय पण मिळत नाही, हे कंपनीला दाखवता आलं नाही. २०१६ मध्ये तोही अर्ज फेटाळला गेला.

यातून दिसतं ते असं की औषध महाग आहे, एवढं म्हणून भागत नाही. पत्रव्यवहार पूर्ण असावा लागतो आणि आकडे हातात असावे लागतात. त्यात आणखी एक बदल झालाय. २०२४ च्या नियमांनुसार फॉर्म २७ दरवर्षी नाही, तर तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो. ज्या कागदावर नेक्साव्हरचं प्रकरण उभं राहिलं, तो आता उशिरा हाती येतो.

शिवाय कलम ८४ मध्ये पुढाकार घ्यायचा असतो तो एखाद्या कंपनीने. तिने वर्षानुवर्षं कोर्टात लढायचं, आणि नंतर पेटंटधारकाने किंवा स्पर्धकाने किंमत पाडली तर नुकसानही तिनेच सोसायचं. नेक्साव्हरच्या निर्णयानंतर दोन महिन्यांतच सिप्लाने आपली किंमत नॅटकोच्याही खाली आणली होती. रुग्णांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, पण पुढचा अर्जदार याचाही विचार करणार.

सरकार स्वतः काही करू शकतं का?

हो. आणीबाणीत किंवा साथीच्या काळात केंद्र सरकार कलम ९२ खाली अधिसूचना काढू शकतं, तर कलम १०० खाली सरकार स्वतःच्या वापरासाठी पेटंट असलेलं औषध बनवून घेऊ शकतं. ब्राझीलने २००७ मध्ये एचआयव्हीवरच्या इफाविरेन्झसाठी असाच सरकारी वापराचा मार्ग घेतला आणि सुरुवातीला औषध मागवलं ते भारतातून.

याला एक मर्यादा आहे. परवान्याने बनवण्याची मुभा मिळते, कृती मिळत नाही. सोराफेनिबसारखं रासायनिक औषध अनुभवी कंपनी स्वतः तयार करू शकते. लशीचं तसं नसतं. तिथे उत्पादनाची माहिती मूळ कंपनीकडेच असते आणि ती देण्याची सक्ती या परवान्यात नाही.

अशी बातमी आली तर काय तपासाल?

'अमुक औषधाचं पेटंट मोडलं' अशी पोस्ट दिसली तर आधी बघा, निर्णय नेमका कसला आहे. पेटंटचा अर्जच नाकारला गेला असेल, तर तो सक्तीचा परवाना नाही. ग्लिव्हेकच्या बाबतीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं होतं. जुन्या औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढलेली दिसत नाही, म्हणून कलम ३(ड) खाली पेटंट नाकारलं गेलं.

परवाना असेल, तर तो कोणत्या कलमाखाली, कोणाला आणि किती किमतीच्या अटीवर दिलाय, हे पाहा. आणि फक्त अर्ज झाल्याची बातमी असेल, तर पेटंटधारकाशी आधी पत्रव्यवहार झालाय का, ते शोधा. बीडीआरचा अर्ज तिथेच अडला होता.