उडीचे ॲनिमेशन आणि बारा तत्त्वे

उडीचे ॲनिमेशन हा ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांच्या अभ्यासातील एक मूलभूत पाठ आहे. उभी असलेली व्यक्ती जागेवरच उडी मारते आणि पुन्हा उभी राहते, एवढ्या छोट्या कृतीत बाराही तत्त्वांचा उपयोग करावा लागतो. त्यांपैकी पूर्वतयारी, दबणे व ताणणे आणि अनुवर्ती हालचाल या तीन तत्त्वांवर उडीचा परिणाम मुख्यतः अवलंबून असतो. पावलांनी जमीन सोडल्यानंतर शरीराचा हवेतील मार्ग गुरुत्वाकर्षणाने ठरतो. त्यामुळे पात्राचे वजन, बळ आणि स्वभाव दाखवण्याची संधी ॲनिमेटरला उड्डाणापूर्वी, जमिनीवर परतल्यानंतर आणि हवेतील शरीराच्या आकारात मिळते.

## पार्श्वभूमी

ही तत्त्वे डिस्ने स्टुडिओतील चित्रकारांच्या १९३० च्या दशकातील कामातून आकाराला आली. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तेथील दोन ज्येष्ठ ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ती एकत्र मांडली. संगणकीय ॲनिमेशनला ती कशी लागू पडतात, याचे विवेचन जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या सिग्राफ परिषदेतील निबंधात केले. त्यात पिक्सारच्या ‘लक्सो ज्युनियर’ (१९८६) या लघुपटातील दिव्याचाही आधार घेतला आहे.

## उदाहरण

पुढील विवेचनासाठी पाठीवर लांब वेणी असलेली एक मुलगी घेतली आहे. ती जागेवर उभी राहून सरळ वर उडी मारते. चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजेच फ्रेम, असतात. त्या हिशेबाने उडीची आखणी अशी होते:

| चौकटी | स्थिती |
|---|---|
| १ ते ८ | उभ्या स्थितीतून गुडघे वाकवून खाली जाणे |
| ८ ते ११ | वाकलेल्या स्थितीत क्षणभर थांबणे |
| ११ ते १४ | अंग ताणत वर उसळणे |
| १४ | पावले जमीन सोडतात |
| २० | उडीचा माथा |
| २६ | पावले जमिनीला टेकतात |
| २९ | अंग सर्वाधिक दबलेले |
| २९ ते ४० | पुन्हा सरळ उभे राहणे |
| ४६ | वेणी स्थिर होते |

## पूर्वतयारी

वर जाण्यापूर्वी मुलगी खाली जाते. मुख्य हालचालीच्या विरुद्ध दिशेने होणाऱ्या या छोट्या हालचालीस पूर्वतयारी म्हणतात. गुडघे वाकतात, कंबर मागे व खाली जाते, धड पुढे झुकते आणि हात मागे खेचले जातात. स्नायूंना बळ लावण्यासाठी अंतर मिळावे, म्हणून प्रत्यक्षातही माणूस असेच करतो. चित्रात या हालचालीला आणखी एक काम असते. ही उडी हवेत केवळ अर्धा सेकंद टिकते. आधी सूचना नसेल, तर प्रेक्षकाची दृष्टी तेथे पोहोचण्यापूर्वीच ती संपून जाते.

पूर्वतयारी किती खोल आणि किती लांब ठेवावी, हे पात्राच्या वजनावर व मनःस्थितीवर ठरते. जड माणूस अधिक वाकतो आणि त्याला अधिक वेळ लागतो, तर चपळ मुलाला त्याहून कमी चौकटी पुरतात. ८ ते ११ या चौकटींत शरीर पूर्णपणे गोठवू नये. ते किंचित खाली सरकत राहिले, तर दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे ताण जाणवतो, आणि गोठवले तर चित्रपट अडकल्याचा भास होतो.

पूर्वतयारी मुद्दाम वगळल्यास अर्थच बदलतो. न वाकता मुलगी वर गेली, तर तिने उडी मारली असे वाटत नाही. कोणी तरी तिला वर ओढले किंवा खालून फेकले, असे वाटते. म्हणजे बळ कोणाचे होते, याची साक्ष पूर्वतयारीच देते.

वर उसळताना सर्व अवयव एकदम हलत नाहीत. आधी कंबर वर येते, मग धड सरळ होते, हात वर झेपावतात आणि सर्वांत शेवटी पायांची बोटे जमीन सोडतात. वास्तवात ३० सेंटिमीटर उंचीच्या उडीसाठी या क्रियेला साधारण ७ चौकटींचा काळ लागतो. येथे ३ चौकटी घेतल्या आहेत. हीच अतिशयोक्ती, आणि तिच्यामुळे उसळीत जोर दिसतो.

## हवेतील मार्ग

१४ ते २० या ६ चौकटींत, म्हणजे पाव सेकंदात, मुलगी वर जाते आणि पुढच्या पाव सेकंदात खाली येते. या वेळेत गुरुत्वमध्य सुमारे ३० सेंटिमीटर उंच जातो. ही उंची ३६ समान भागांत विभागली, तर माथ्यापासून खाली येताना प्रत्येक चौकटीतील अंतर क्रमाने १, ३, ५, ७, ९ आणि ११ भाग असते. म्हणजे माथ्याजवळची चित्रे एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात, आणि शेवटच्या एका चौकटीत शरीर ९ सेंटिमीटरांहून अधिक खाली येते. वर जाताना हाच क्रम उलटा असतो.

संगणकावर काम करताना येथेच सर्वाधिक चूक होते. १४, २० आणि २६ या चौकटींत मुख्य स्थिती ठेवल्या की संगणकप्रणाली अनेकदा तिन्ही ठिकाणी गती आपोआप मंदावते. परिणामी जमिनीला टेकण्यापूर्वीच शरीराचा वेग कमी होतो आणि मुलगी दोरीने अलगद खाली सोडल्यासारखी दिसते. संथ आरंभ व संथ शेवट हे तत्त्व हवेतील भागात केवळ माथ्याला लागू होते. उड्डाणाच्या व टेकण्याच्या क्षणी गतीच्या आलेखाला टोकदार कोपरा असावा लागतो.

वेळेवरून पात्राचा आकारही कळतो. दहापट उंच असलेल्या राक्षसाने आपल्या उंचीच्या प्रमाणात तशीच उडी मारली, तर त्याला वर जाण्यास ६ नव्हे, सुमारे १९ चौकटी लागतील. त्याला ६ चौकटींत उडवले, तर तो कितीही मोठा रेखाटला तरी खेळण्यातला वाटेल.

## दबणे आणि ताणणे

जमीन सोडताना मुलीचे अंग उभे ताणले जाते, माथ्यावर ते मूळ आकारात येते, खाली वेगाने येताना पुन्हा ताणले जाते आणि टेकल्यानंतर दबते. थॉमस व जॉन्स्टन यांच्या ग्रंथात या तत्त्वासाठी अर्धी भरलेली पिठाची पिशवी हे उदाहरण दिलेले आहे. ती टाकली तर पसरते, उचलली तर लांबते, पण आतले पीठ तेवढेच राहते.

हे आकारमान टिकवणे हाच या तत्त्वाचा मुख्य नियम होय. सपाट चित्रात उंची तीन-चतुर्थांश केली, तर रुंदी एक-तृतीयांशाने वाढवावी लागते. त्रिमितीय प्रतिकृतीत ती वाढ रुंदी आणि जाडी या दोन दिशांत वाटली जाते, म्हणून प्रत्येक दिशा सुमारे १.१५ पट केली जाते. केवळ उंची कमी केली आणि बाकी मापे तशीच ठेवली, तर पात्र दबल्यासारखे न दिसता आकसल्यासारखे दिसते.

क्रमही महत्त्वाचा आहे. २६ व्या चौकटीत पावले जमिनीला टेकतात, तेव्हा अंग अजून ताणलेलेच असावे. दबण्यास पुढील चौकटीपासून सुरुवात होते. टेकण्यापूर्वीच अंग दबले, तर मुलगी अदृश्य फळीवर आपटल्यासारखी दिसते. पाय हवेत पोटाशी घेतले असतील, तर टेकण्याआधी ते पुन्हा लांबवावे लागतात.

अवयव कठीण असले, तरी हे तत्त्व वापरता येते. लक्सो ज्युनियरचा दिवा धातूचा आहे आणि त्याच्या दांड्या लवत नाहीत. तो सांध्यांत दुमडून दबतो आणि पूर्ण उलगडून ताणला जातो. मानवी पात्रातही गुडघे, कंबर आणि पाठीचा कणा यांचे वाकणे बहुतेक वेळा पुरेसे असते. वास्तवदर्शी शैलीत कवटीसारखा कठीण भाग चेपला, तर पात्र रबरी वाटू लागते.

## अनुवर्ती हालचाल

शरीर थांबले तरी त्याला जोडलेले सैल भाग जडत्वामुळे पुढे जात राहतात. याला अनुवर्ती हालचाल म्हणतात. भागांच्या हालचाली एकाच वेळी न होता एकमेकींवर चढत जातात, ही परस्परव्यापी क्रिया याच तत्त्वाचा दुसरा अंश आहे.

मुलीची वेणी हे सर्व दाखवते. उसळताना डोके वर जाते, पण वेणी पाठीला चिकटून मागे रेंगाळते. माथ्याजवळ डोके मंदावते, तेव्हा वेणीचे टोक अजून वर येत असते आणि ती पाठीपासून सुटते. खाली येताना ती डोक्यामागे वर तरंगत येते. २९ व्या चौकटीत धड थांबते, मात्र वेणी खालीच जात राहते, पाठीवर आपटते, टोकाशी किंचित उसळते आणि मग स्थिरावते. हा बदल मुळापासून टोकाकडे जातो. मूळ आधी थांबते, मधला भाग सुमारे २ चौकटींनी, आणि टोक त्यानंतर आणखी २ चौकटींनी. टोकाचे झोके उत्तरोत्तर लहान होत जातात.

या तत्त्वाचा अभाव ओळखणे सोपे आहे. शेवटी सर्व अवयव एकाच चौकटीत थांबतात आणि पात्र पुतळ्यासारखे गोठते. अतिरेक झाला, तर वेणी स्वतंत्र प्राण्यासारखी वळवळते आणि लक्ष उडीवरून तिच्याकडे जाते. वेणीसाठी योग्य विलंब तिच्या लांबीवर व वजनावर ठरतो. आखूड केस लवकर स्थिर होतात, लांब व जड वेणी उशिरा.

## इतर तत्त्वे

- मांडणी: उडी बाजूने दाखवल्यास वाकलेले गुडघे व मागे गेलेले हात बाह्यरेषेतच स्पष्ट दिसतात. समोरून ही पूर्वतयारी झाकली जाते.
- सलग रेखाटन व मुख्य स्थितींचे रेखाटन: शरीराच्या स्थिती आधी ठरवून मधली चित्रे नंतर काढतात. वेणी मात्र पहिल्या चौकटीपासून सलग रेखाटणे सोयीचे जाते.
- वक्रमार्ग: उडी पुढच्या दिशेने असेल, तर गुरुत्वमध्याचा हवेतील मार्ग अन्वस्त असतो. हातही कमानीतच फिरतात.
- दुय्यम क्रिया: उडीपूर्वी वर पाहणे किंवा मुठी आवळणे यांतून हेतू कळतो.
- घनाकृती रेखाटन आणि आकर्षकता: वाकलेल्या अंगाचे वजन दोन्ही पावलांवर तोललेले दिसावे, आणि प्रत्येक मुख्य स्थिती एका दृष्टिक्षेपात वाचता यावी.

कालमापन, संथ आरंभ व शेवट आणि अतिशयोक्ती यांचा विचार वर आला आहे.

## तपासणी

उडी तपासताना वेणी व हात लपवून केवळ धडाची हालचाल पाहतात. ती तेवढ्यानेही वजनदार वाटली पाहिजे. नंतर प्रत्येक चौकटीत कंबरेच्या जागी ठिपका देतात. ठिपके माथ्याशी दाट आणि जमिनीकडे विरळ होत गेले, तर मार्ग बरोबर आहे. जमिनीजवळही ते दाट झाले असतील, तर दोष टेकण्यापूर्वीच्या मंद गतीत असतो. तो दुरुस्त होईपर्यंत वेणीवर काम करणे निरुपयोगी ठरते, कारण धडाची गती बदलली की वेणीची सर्व चित्रे पुन्हा काढावी लागतात.