पत्ता बदललेले रेणू

१९९७ च्या सुमारास केंब्रिजमध्ये शंकर बालसुब्रमण्यन (जन्म आपल्या चेन्नईचा) आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी डीएनए वाचायची एक युक्ती काढली. डीएनएची नक्कल होताना एकेक अक्षर जोडलं जातं. त्या चारही अक्षरांना वेगवेगळा रंग द्यायचा आणि मागे एक अडसर लावायचा. एक अक्षर जोडलं की काम थांबतं. फोटो काढा, रंग आणि अडसर कापून टाका, पुढचं अक्षर. म्हणजे लिहितालिहिताच वाचन!

पण एका रेणूचा उजेड तो केवढा? म्हणून त्यांच्या सोलेक्सा कंपनीने २००४ मध्ये क्लस्टरचं तंत्र विकत घेतलं. काचेवर चिकटलेला तुकडा कमानीसारखा वाकतो, शेजारी टेकतो, त्याची नक्कल होते. असं करत एका ठिपक्यात हजारभर जुळे तयार होतात आणि एकदम चमकतात.

आता यातली मेख बघा. दर फेरीत काही जुळे मागे राहतात. समजा हजारात पाच. मग शंभर फेऱ्यांनंतर जेमतेम साठ टक्केच तालात असतात आणि रंग गढूळ होतो. म्हणून वाचन आखूडच ठेवावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे तुकडा दोन्ही टोकांकडून वाचायचा. मधलं अंतर साधारण माहीत असतं, त्यामुळे जोडी जीनोमवर नेमकी बसवता येते. २००८ मध्ये एका माणसाचा अख्खा जीनोम ३५-३५ अक्षरांच्या अशा जोड्यांनी वाचला गेला.

यंत्राची ताकद वाढली तसे अनेक नमुने एकत्र वाचायला लागले. प्रत्येक तुकड्याला नमुन्याचा पत्ता, म्हणजे इंडेक्स, जोडायचा. ९६ नमुन्यांसाठी ८ आडवे आणि १२ उभे पत्ते पुरतात. आपल्या भाषेत, कंपोझिट की!

इलुमिनाच्या नव्या यंत्रांत, उदाहरणार्थ हायसेक ४०००, क्लस्टर वेगळ्या रसायनाने बनू लागले. त्यात तुकडे आणि नक्कल करणारं एन्झाइम एकाच द्रावणात असतात. तिथे न धुतलेला एखादा सुटा पत्ता तरंगत असला, तर तो दुसऱ्याच्या तुकड्याला चिकटतो आणि नक्कल त्याच्या नावाने निघते. हेच इंडेक्स हॉपिंग.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हे उंदराच्या एकेका पेशीवर काम करताना पकडलं. एका खळग्यातला जोरात चालणारा जीन त्याच्याच आडव्या-उभ्या रांगेत, फुलीच्या आकारात, अंधूक दिसत होता. पेशींना जर असं वागायचं असेल, तर त्यांना प्लेटवरच्या रांगा कशा कळणार? चूक पत्त्यांचीच होती. त्यांच्या मते ५ ते १० टक्के वाचनं भरकटू शकत होती, कंपनीच्या मते २ टक्क्यांपर्यंत. पण कॅन्सरचा हजारात एखादा बदल शोधणाऱ्याला दोन टक्केही भारीच.

उपाय साधा आहे: प्रत्येक नमुन्याला दोन्ही पत्ते स्वतंत्र द्यायचे, कुणाशीच वाटून नाही. ९६ गुणिले ९६ म्हणजे ९२१६ जोड्यांपैकी फक्त ९६ खऱ्या. एक पत्ता उडाला की खोटी जोडी तयार होते आणि ते वाचन `Undetermined` फाइलमध्ये जाऊन पडतं. चूक थांबत नाही, पण निदान लपत तरी नाही.